ताळा जुळला, तरी चूक राहिली

डिप्लोमाच्या सर्व्हेइंगमध्ये लेव्हलिंगचा तक्ता सोडवला की शेवटी ताळा करतात. एक उदाहरण घेऊ. बेंचमार्कची उंची १००.००० मीटर. त्यावरची बॅकसाइट १.२५० मिळवली की दुर्बिणीची उंची १०१.२५० येते. त्यातून मधल्या बिंदूचे १.८४५ वजा केले की ९९.४०५, आणि चेंज पॉइंटची फोरसाइट ०.७६० वजा केली की १००.४९०. यंत्र हलवून नवी बॅकसाइट १.६२०, शेवटची फोरसाइट २.१३५, म्हणजे शेवटचा बिंदू ९९.९७५.

आता ताळा. बॅकसाइटची बेरीज २.८७०, फोरसाइटची २.८९५, फरक उणे ०.०२५. शेवटच्या व पहिल्या उंचीतला फरकही तेवढाच. जुळले!

पण मधला बिंदू चुकून ९९.५०५ लिहिला असता, तरी हा ताळा जुळलाच असता, कारण मधले वाचन त्यात येतच नाही. चढ-उतार पद्धतीत प्रत्येक उंची आधीच्या उंचीवरून निघते. तिथे हीच चूक पुढे सरकून शेवटची उंची १००.०७५ करते आणि पकडली जाते.

स्टाफच चुकीचा वाचला असेल, तर मात्र दोन्ही ताळे गप्प बसतात. त्यासाठी पुन्हा बेंचमार्कवर येऊनच काम मिटवावे लागते.