रस्सीखेचीआधी माइकवरून काय सांगावं?

क्रीडादिनाच्या भाषणात ‘खिलाडूवृत्ती ठेवा’ एवढ्यावर भागत नाही. संयोजकांनी ‘जोर लावा, शाब्बास! पण दोर हाताला गुंडाळू नका’ हे बजावलंच पाहिजे. 1997 साली तैपेईत सुमारे 1600 जण ओढत असताना दोर तुटला आणि दोघांचा एकेक हात तुटला. ताणलेला नायलॉन तुटताच झटक्याने मागे येतो.

‘शाळेत एवढा जोर कुठून येणार?’ असं कुणी म्हणेल. पण दोर शाबूत राहिला, तरी समोरच्यांनी हिसका दिला की वेढा आवळतो आणि बोटं चिरडतात. घामाने पकड सुटते ही तक्रार खरी. तरी नियमांत गाठ आणि वेढा दोन्हींना बंदी आहे, कारण पकडीचा कस हाच तर खेळ! शेवटचा भिडूसुद्धा दोर कमरेला बांधत नाही. तो पाठीवरून तिरका खांद्यावर घेतो, म्हणजे सोडताच मोकळा.