हिशेबात न धरलेली हवा

डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि मालक गॅरेज गाठतो. मिस्त्री स्टिअरिंगखाली वाकून स्कॅनरचा प्लग जोडतो, पडद्यावर P0171 असा कोड उमटतो आणि लगेच निकालही लागतो : "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि काही दिवसांत पुन्हा लागतो. बऱ्याचदा जुना सेन्सर ठणठणीत असतो आणि तो खरं तेच सांगत असतो. P0171 या कोडात सेन्सर बिघडल्याचा उल्लेखच नाही. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे, एवढंच तो म्हणतो. ती का होते आहे, हे शोधायचं काम कोड वाचून झाल्यावर सुरू होतं.

स्कॅनर जोडायची ती जागा म्हणजे ओबीडी पोर्ट. ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ, डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला, सोळा पिनांचं हे सॉकेट असतं. ते जन्माला आलं प्रदूषणाच्या कायद्यातून. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने, गाडी धूर जास्त सोडू लागली तर ते गाडीनेच ओळखून सांगावं, अशी अट घातली. त्याचं प्रमाणित रूप, म्हणजे ओबीडी-२, अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना १९९६ पासून सक्तीचं झालं. भारतात ते भारत स्टेज ४ च्या नियमांसोबत २०१३ पासून आलं. हा उगम लक्षात ठेवला की बरंच कोडं उलगडतं. ही यंत्रणा गाडीची तब्येत पाहण्यासाठी नव्हे, तर एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं त्यावर पहारा ठेवण्यासाठी बनली. ब्रेकपॅड झिजले, क्लचप्लेट घसरायला लागली किंवा सस्पेन्शनचा बुश फाटला, तर तिथे बहुधा सेन्सरच नसतो. मग कोड येणार कुठून?

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर P म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, B म्हणजे बॉडी, C म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा चॅसिसचा भाग आणि U म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. दुसऱ्या जागी 0 असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान असतो, 1 असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरा आकडा विभाग दाखवतो. P0171 मधला 1 हवा-इंधनाच्या मापाचा, तर P0301 मधला 3 ठिणगी आणि मिसफायरचा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

आता ही तक्रार संगणक नोंदवतो कशी ते पाहू. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १ किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर किती वेळ उघडायचे ते ठरवतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर निकाल कळवतो. जळून उरलेला ऑक्सिजन जास्त असेल तर पेट्रोल कमी पडलं, नसेल तर जास्त झालं. त्यानुसार ईसीयू आपल्या ठरलेल्या मापात टक्क्यांनी दुरुस्ती करत राहतो. स्कॅनरवर ती STFT आणि LTFT या नावांनी दिसते. पहिली क्षणाक्षणाला हलणारी, दुसरी त्यातून शिकून मुरलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर हिशेब जुळला. अधिक १० ओलांडली की काहीतरी गडबड आहे. २०-२५ च्या घरात गेली आणि तिथेच राहिली, की ईसीयू हात टेकतो आणि P0171 लिहून ठेवतो. नेमकी मर्यादा प्रत्येक कंपनी आपल्या इंजिनाप्रमाणे ठरवते.

एकदा चूक दिसली म्हणून लगेच दिवा लागत नाही. पहिल्या फेरीत कोड 'पेंडिंग' म्हणून नोंदवला जातो. पुढच्या फेरीतही तीच चूक दिसली की तो पक्का होतो आणि दिवा लागतो. याला एक अपवाद आहे. मिसफायर इतका असेल की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघेल, तर दिवा लुकलुकायला लागतो. स्थिर दिवा गॅरेजपर्यंत जाऊ देतो. लुकलुकणारा दिवा गाडी बाजूला घ्यायला सांगत असतो.

कोड लिहिताना ईसीयू त्या क्षणाची स्थितीही साठवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. माझ्या मते स्कॅनरवरची सर्वांत मोलाची माहिती हीच आणि सर्वांत कमी पाहिली जाते तीही हीच. समजा, एका दहा वर्षं जुन्या सेडानच्या फ्रीज फ्रेममध्ये असं दिसलं : इंजिन ७८० आरपीएम, वेग शून्य, पाण्याचं तापमान ८८ अंश, LTFT अधिक २०, STFT अधिक ५. म्हणजे गाडी गरम होती, सिग्नलला उभी होती आणि ईसीयू नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. आता इंजिन चालू ठेवून आकडे पाहायचे. आयडलला बेरीज तेवढीच, २५. मग अॅक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर धरायचे आणि आकडे स्थिरावू द्यायचे. बेरीज उतरून ६ वर आली.

या एका फरकाने संशयितांची यादी निम्म्याहून छोटी होते. आयडलला इंजिन सेन्सरमधून सेकंदाला साधारण २.४ ग्रॅम हवा ओढतं असं धरू. सेन्सरच्या पुढे कुठे भेग असेल आणि तिथून ०.६ ग्रॅम हवा चोरवाटेने आत शिरत असेल, तर ती मोजलेल्या हवेच्या २५ टक्के झाली. २५०० आरपीएमला मोजलेली हवा १० ग्रॅमवर जाते. भेगेतून येणारी मात्र ०.६ च्याच आसपास राहते, म्हणजे फक्त ६ टक्के. गळती तेवढीच, पण वाढलेल्या हवेत तिचा वाटा क्षुल्लक होतो. म्हणून आयडलला वाईट आणि आरपीएम वाढल्यावर चांगले आकडे दिसले की संशय गळतीवर जातो.

याच्या उलट चित्र दिसलं, म्हणजे आयडलला आकडे ठीक पण घाट चढताना बेरीज वाढत गेली, तर पेट्रोल पंप थकला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. थोडं पेट्रोल तो पुरवतो, जास्तीची मागणी आली की मागे पडतो. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर धूळ बसली असेल, तरी जास्त हवेला त्याचं माप कमी भरतं. हे दोन वेगळे करायला पेट्रोलचा दाब गेजने मोजावा लागतो.

आपल्या सेडानमध्ये पुढची पायरी धुराची. हवेच्या पाइपातून मंद दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी पीसीव्हीची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन वळणाच्या आतल्या बाजूला तडकते, हे नेहमीचं ठिकाण. वरून हात फिरवला तर नळी शाबूत वाटते. धूर मात्र बरोबर त्या फटीतून निघतो. काही ठिकाणी यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम बदलतो का ते ऐकतात. तो द्रव पेट घेतो, तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ही युक्ती नकोच.

वरचा हिशेब हवेचं वजन मोजणाऱ्या, म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो. त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात. तिथे चोरवाटेने आलेली हवाही दाब वाढवते, म्हणून ईसीयूला ती बरीचशी कळते आणि तो त्या मानाने पेट्रोल सोडतो. अशा गाडीत तीच फुटकी नळी P0171 न देता नुसता आयडल वाढवू शकते. गाडीत कोणता सेन्सर आहे हे न पाहता आकडे वाचणारा इथे फसतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे यात एक नवी भर पडली आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी बेतलेल्या जुन्या गाडीत ई-२० भरलं, की ऑक्सिजन सेन्सर हवा जास्त असल्याचं कळवतो आणि ईसीयू सुमारे ४ टक्के पेट्रोल वाढवतो. तेवढ्याने दिवा लागत नाही. मात्र नळीची बारीक भेग, जी आधी १८ टक्क्यांवर निभावून जात होती, ती आता मर्यादेपार जाऊ शकते. इंधनामुळे आलेली वाढ आयडल आणि २५०० आरपीएम अशा दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते, गळतीची नाही; त्यावरून दोन्ही वेगळ्या करता येतात.

ऑक्सिजन सेन्सरच खोटं बोलत असेल, ही शक्यताही उरतेच. सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला नसलेली तूट दिसते. सेन्सर तपासायचा तर चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात क्षणभर प्रोपेन सोडतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा व्होल्टेज तत्काळ ०.९ च्या दिशेने उसळला तर तो निर्दोष आहे. ही चाचणीही ज्वलनशील वायूची असल्याने जाणत्याच्याच हाती द्यावी.

एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा स्वस्त ब्लूटूथ डोंगलला दिसत नाहीत, कारण प्रमाणित भाषेची सक्ती प्रदूषणाशी निगडित माहितीपुरती आहे. बाकीचं कंपनीच्या भाषेत असतं. आणखी एक, पोर्टच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा प्रवाह सतत असतो. डोंगल लावून गाडी आठवडे उभी ठेवली तर बॅटरी उतरू शकते.

नळी बदलल्यावर कोड पुसायचा आणि आकडे पुन्हा पाहायचे. LTFT आयडलला ५ च्या आत आला तर काम झालं. कोड पुसताना फ्रीज फ्रेमही पुसली जाते, म्हणून तिचा फोटो आधी काढून ठेवावा. पुसण्यासोबत ईसीयूच्या सगळ्या स्वयंचाचण्यांच्या खुणाही उडतात आणि त्यांच्यापुढे 'नॉट रेडी' दिसू लागतं. काही चाचण्या पुऱ्या व्हायला बरेच दिवस लागतात, कारण थंड इंजिन, सलग वेग, टाकीतलं पेट्रोल अशा ठरावीक परिस्थितीतच त्या चालतात.

जुनी गाडी घेताना याचा उपयोग होतो. डॅशबोर्डावर दिवा नाही, कोड एकही नाही, पण चार-पाच चाचण्या 'नॉट रेडी' आहेत, असं दिसलं तर कोणीतरी नुकताच कोड पुसला आहे किंवा बॅटरी काढली आहे. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर धावल्या तेही सांगतात. अडतीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तो आकडा बारा निघाला, तर विकणाऱ्याला बॅटरी कधी बदलली ते विचारावं आणि सगळ्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत बयाणा देऊ नये.