मिरची ते तिखट: टॅलीतला स्टॉक जर्नल

मिरची कांडून तिखट झाले की गोदामातला माल बदलतो, पण खरेदी किंवा विक्री काहीच झालेली नसते. ही नोंद टॅलीप्राइममध्ये Stock Journal मध्ये करतात. व्हाउचरच्या पडद्यावर Alt+F7 दाबले की तो उघडतो. त्याच्या Source बाजूला वापरलेला कच्चा माल, तर Destination बाजूला तयार माल लिहायचा.

समजा, २०० रुपये किलोने घेतलेली ५० किलो मिरची दळली. देठ आणि घट वजा जाता ४६ किलो तिखट मिळाले. मिरचीचे १०,००० आणि दळणावळीचे १,०४० मिळून खर्च ११,०४० रुपये. म्हणजे तिखटाचा दर किलोला २४० रुपये.

नेमकी इथेच चूक होते. तिखटालाही २०० चाच दर लावला, तर साठ्याची किंमत ९,२०० दिसते आणि १,८४० रुपये त्यातून गळतात. घट न धरता ५० किलो लिहिले, तर कागदावरचे ४ किलो गोदामात सापडत नाहीत.

या नोंदीने दळणावळीचे पैसे चुकते होत नाहीत. त्याचे पेमेंट व्हाउचर वेगळे करावे लागते.