दशमस्थान वाचताना: सांगवीच्या आकाशातली ४ मे २००० ची दुपार

दहावी-बारावीचा निकाल लागला की पत्रिका कपाटातून बाहेर येते आणि प्रश्न ठरलेला असतो: पोराला नोकरी की धंदा, आणि कशातला? ज्योतिषी पत्रिका हातात घेऊन पहिल्यांदा दशमस्थान पाहतो. ते कसं वाचतात, कोणत्या क्रमाने वाचतात आणि त्यातून किती कळू शकतं, हे पाहण्यासाठी एक खरी तारीख घेऊ. बारामती तालुक्यातल्या नीराकाठच्या सांगवीत ४ मे २००० रोजी, चैत्र अमावास्येच्या दिवशी दुपारी जन्मलेलं मूल आपण कल्पू. मूल काल्पनिक असलं तरी त्या दिवशीचे ग्रह खरे आहेत. सूर्य, चंद्र, बुध, गुरू, शुक्र आणि शनी असे सहा ग्रह त्या दिवशी मेष राशीत एकत्र होते.

दशमस्थान म्हणजे आकाशातली कोणती जागा?

जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली राशी म्हणजे लग्न. तिथून मोजलेली दहावी राशी ढोबळमानाने डोक्यावरच्या आकाशात येते. म्हणून भर दुपारी जन्मलेल्या मुलाचा सूर्य बहुधा दशमात किंवा त्याच्या शेजारच्या स्थानात असतो. सूर्य आणि मंगळ दशमात दिग्बली मानतात. दुपारच्या सूर्याकडे पाहिलं तर निदान सूर्यापुरतं त्यामागचं कारण लक्षात येतं.

मात्र सांगवीत घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर नसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बांधलेली आहे आणि सांगवी साधारण ७४.५ अंशांवर आहे. आठ अंशांचा हा फरक, दर अंशाला चार मिनिटं धरली तर, ३२ मिनिटांचा होतो. त्यामुळे इथली मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते आणि ऋतूनुसार काही मिनिटं पुढेमागे सरकते. संगणकावर पत्रिका काढताना गावाऐवजी दूरच्या शहराचे रेखांश घातले, तर लग्नाचे अंश इथूनच चुकायला लागतात.

कागदावर ते कसं शोधायचं?

आपल्याकडच्या चौकटीच्या कुंडलीत वरचा मधला चौकोन लग्नाचा असतो. तिथून डावीकडे मोजत गेलं की उजवीकडचा मधला चौकोन दहावा येतो. इथे नवशिक्याची हमखास गफलत होते. चौकोनात लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नसतो. "१०" लिहिलेला चौकोन म्हणजे मकर राशी. ते दशमस्थान असेलच असं नाही. आपल्या उदाहरणात लग्नाच्या चौकोनात ४, म्हणजे कर्क आहे, आणि दशमाच्या चौकोनात १, म्हणजे मेष आहे.

पहिली पायरी: दशमातली राशी आणि तिचा स्वामी

आधी राशी पाहतात. ती कामाची जात सांगते असं मानतात. मेष ही चर आणि अग्नितत्त्वाची राशी आहे. स्वतः सुरुवात करणं, धावपळ, यंत्र, आग आणि धातू यांच्याशी ती जोडली जाते.

मग राशीचा स्वामी, म्हणजे दशमेश. मेषेचा स्वामी मंगळ. दशमेश ज्या स्थानात बसतो, तिथे कामाची दिशा वळते. तो षष्ठात असेल तर नोकरी आणि स्पर्धा, सप्तमात असेल तर भागीदारी आणि व्यापार, द्वादशात असेल तर परगाव, असा हा हिशोब आहे. आपल्या कुंडलीत मंगळ वृषभेत, म्हणजे लाभस्थानात आहे. कर्क लग्नाला पंचम आणि दशम या दोन्ही स्थानांचा स्वामी मंगळच असल्यामुळे तो योगकारक ठरतो.

इथे आणखी एक गोष्ट दिसते. मंगळ शुक्राच्या राशीत आहे आणि शुक्र मंगळाच्या राशीत. दशमेश आणि लाभेश यांनी घरं बदलून घेतली आहेत. या परिवर्तनयोगाचा अर्थ पारंपरिक ज्योतिषी असा लावेल की कामातून पैसा येईल आणि ओळखीपाळखीतून, मोठ्या गोतावळ्यातून काम मिळेल.

दुसरी पायरी: दशमात बसलेले ग्रह

वराहमिहिराच्या बृहज्जातकात उपजीविकेवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात लग्नापासून किंवा चंद्रापासून दशमात असलेल्या ग्रहावरून कमाईचं साधन सांगितलं आहे. दशमात ग्रह नसेल तर दशमेश ज्या नवांशात आहे, त्या नवांशाच्या स्वामीकडे पाहायला सांगितलं आहे. रिकामं दशम म्हणजे बेकारी, ही समजूत त्यामुळे ग्रंथालाच धरून नाही.

त्यातली कारकत्वं सहाव्या शतकातली आहेत, तरी सांगवी परिसरात ओळखीची वाटतात. चंद्राकडे शेती आणि पाण्यातून होणारं उत्पन्न आहे. शुक्राकडे रत्नं, चांदी आणि गाई-म्हशी आहेत. मंगळाकडे धातू, अग्नी आणि शस्त्रं, बुधाकडे लेखन आणि गणित, तर शनीकडे अंगमेहनत आणि ओझी वाहणं. आजचा ज्योतिषी याचंच रूपांतर ऊस, दूध धंदा, कारखान्यातला बॉयलर किंवा फिटरचं काम, हिशेबनीस आणि तोडणी-वाहतूक असं करतो. सूर्यावरून सरकारी नोकरी किंवा औषधाचा व्यवसाय आणि गुरूवरून शिक्षकी सांगितली जाते.

आता आपल्या कुंडलीतले सहा ग्रह बघा. सूर्य मेषेत उच्चीचा आणि दशमात दिग्बली. शनी त्याच मेषेत नीचीचा. पण मेषेत उच्च होणारा सूर्य केंद्रात असल्यामुळे शनीचा नीचभंगही होतो. चंद्र लग्नेश, पण अमावास्येचा, म्हणजे क्षीण. गुरू भाग्येश आहे, शिवाय षष्ठेशही. बुध, गुरू आणि शनी सूर्याच्या इतके जवळ आहेत की अस्तंगत धरले जातात.

इतक्या गर्दीत अनुभवी ज्योतिषी सहाही ग्रहांची यादी वाचत नाही. बलवान कोण ते ठरवून तो एकाला पुढे काढतो. इथे बहुतेकांचं बोट सूर्यावर जाईल. दशमेश मंगळ धरून निष्कर्ष साधारण असा निघेल: अधिकाराचं काम, सरकारी किंवा मोठ्या संस्थेतलं, यंत्राशी किंवा गणवेशाशी संबंध असलेलं, आणि उत्पन्न चांगलं.

तिसरी पायरी: चंद्रापासून पाहणं आणि दशा

लग्नावरून काढलेला निष्कर्ष चंद्रावरून पडताळतात. चंद्र मेषेत, तेव्हा त्याच्यापासून दशम मकर. तिथे एकटा केतू आहे आणि मकरेचा स्वामी शनी नीच राशीत आहे. सूर्यही मेषेतच असल्यामुळे सूर्यापासून पाहिलं तरी हेच चित्र दिसतं. लग्नावरून मानाचं काम, तर चंद्रावरून तुटक, उशिरा जमणारं आणि मन न रमणारं काम. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर ज्योतिषी ठामपणे बोलतो. इथे त्या सारख्या नाहीत, म्हणून त्याने थांबायला हवं.

काळ ठरवण्यासाठी विंशोत्तरी दशा लावतात. चंद्र भरणी नक्षत्रात असल्याने जन्मदशा शुक्राची. शुक्राची उरलेली वर्षं, मग सूर्याची सहा आणि चंद्राची दहा, असं मोजलं की मंगळाची सात वर्षांची महादशा २०२३-२४ च्या सुमारास लागते. ती दशमेशाची दशा, म्हणून व्यवसायाची घडी तेव्हापासून बसते, असं भाकीत होईल. पण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बहुतेक मुलं कामाला लागतातच, हेही विसरू नये.

दहा मिनिटांनी काय बदलतं?

त्या दिवशी सांगवीत कर्क लग्न साधारण सकाळी अकरापासून दुपारी एक वाजून गेल्यावर काही मिनिटांपर्यंत होतं. त्यानंतर सिंह लग्न लागलं. एक वाजता जन्मलेल्याच्या दशमात सहा ग्रह, तर सव्वाला जन्मलेल्याच्या दशमात फक्त वृषभेचा मंगळ आणि ते सहाही ग्रह भाग्यस्थानात. उलट अकराच्या बऱ्याच आधी, मिथुन लग्नावर जन्मलेल्याचं दशम मीन, आणि ते रिकामं.

जन्मवेळ घरच्यांच्या आठवणीतून, "जेवणाच्या वेळेला झाला" अशी आलेली असेल, तर हा फरक पकडता येत नाही. व्यवसायासाठी पाहतात त्या दशमांश कुंडलीत तर एका राशीचे दहा भाग करतात आणि एक भाग सरासरी बारा मिनिटांत उलटतो. अंदाजे वेळेवर दशमांश काढून सांगितलेला बारकावा सोडून द्यावा. पत्रिका दाखवताना लग्नाचे अंश विचारावेत. ते राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटाला असतील, तर शेजारचं लग्न धरूनही वाचायला सांगावं.

भाकीत किती टिकतं?

त्या दुपारी दोन तासांत फक्त सांगवीतच नाही, तर बारामती, इंदापूर, फलटण, पुणे अशा सगळीकडे जन्मलेल्या मुलांच्या दशमात हेच सहा ग्रह आहेत. सगळ्यांसाठी एकच वाक्य खरं ठरवायचं, तर ते वाक्य फार सैल ठेवावं लागतं. सहा ग्रहांत शेती, दूध, हिशेब, शिक्षकी, सरकार आणि मजुरी एवढं सगळं बसतं. आधी व्यवसाय माहीत असेल तर त्याचा ग्रह मागाहून सापडतोच.

म्हणूनच आंधळी चाचणी महत्त्वाची. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली आणि २००८ मध्ये निकाल जाहीर केला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या होत्या. कोणती कोणाची एवढंच ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण इतकीच येतात. ही चाचणी व्यवसायाची नव्हती. पण बुद्धीतला इतका मोठा फरक पत्रिकेवरून ओळखता येत नसेल, तर फिटर आणि हिशेबनीस यांतला फरक कळेल असं मानायला आधार उरत नाही.

घरात पत्रिका पाहायचीच असेल, तर वाचणाऱ्याला मुलाचे गुण, बापाचा धंदा आणि जमीन किती हे आधी सांगू नये. दशमाची राशी, दशमेश, दशमातले ग्रह आणि चंद्रापासूनचं दशम या क्रमाने त्याला वाचू द्यावं आणि निष्कर्ष एका ओळीत लिहून घ्यावा. मग ती ओळ शेजारच्या मुलालाही लागू पडते का, ते पाहावं. पडत असेल, तर आयटीआय की डिप्लोमा हा निर्णय त्या ओळीवर घेऊ नये. त्यासाठी मुलाची आवड, गणिताचे गुण, फीची सोय आणि जवळच्या कारखान्यांत कोणत्या कामाला माणसं लागतात, याची माहिती गोळा करावी.