गळक्या करंटचा पहारेकरी

बाथरूममधल्या दोन हजार वॅटच्या गिझरला साधारण 9 अँपिअर करंट लागतो. त्याच्या कॉइलला चीर गेली, अर्थिंगही तुटलेलं असलं, तर करंट पाण्यातून आणि अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जमिनीकडे वाट काढतो. तो एक दशांश अँपिअर असला तरी जीव घेऊ शकतो. पण 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण तो एकूण भार बघतो, गळती नाही.

गळती ओळखतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला का, हे तो सतत ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो वीज तोडतो. मात्र कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर त्यालाही फरक दिसत नाही.

एमसीबीचं काम वायर जळू न देणं. तो वारंवार पडतो म्हणून 16 च्या जागी 32 अँपिअरचा बसवणं घातकच! भिंतीतली वायर तीच राहते. ती तापते, आवरण वितळतं, तरी एमसीबी पडत नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना ते दाबावं. खटका लगेच पडला, तर यंत्रणा चालते आहे. नाही पडला, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावं. या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही. ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी लागते.