सूर्यामागे फिरणारं पॅनेल

चार प्रकाश-संवेदक, मधे अधिकचिन्हासारखी उभी पट्टी. सूर्य सरकला की एका बाजूवर सावली पडते. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की एक मोटर पॅनेल आडवं फिरवते, दुसरी वर-खाली. ही मर्यादा फार लहान ठेवली, तर पॅनेल उगाच थरथरत राहतं.

समजा, २० वॉटचं स्थिर पॅनेल दिवसाला १०० वॉट-तास देतं. स्वच्छ उन्हात मागोव्याने ३० वाढले. पण दोन सर्वो मोटरी आणि नियंत्रक मिळून सरासरी दीड वॉट खात असतील, तर दहा तासांत १५ गेले. ढगाळ आभाळात प्रकाश सगळीकडून येतो, तेव्हा फायदा जवळपास शून्यच. मोटरींचा खर्च मात्र चालूच. छपरावर जागा असेल, तर मी सरळ आणखी एक पॅनेल लावीन.