अणू जुळले, प्रभार जुळला, तरी उत्तर चूक

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या वर्कशीटमध्ये हा प्रश्न हमखास येतो. आम्लधर्मी माध्यमात परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया द्यायची, आणि पुढे सूचना : अर्धअभिक्रिया पद्धतीने, सर्व पायऱ्या दाखवून संतुलित करा. या ‘सर्व पायऱ्या’च मुलांना नकोशा वाटतात. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीनं त्या गाळल्या, आकडे मनातच जुळवले आणि हे उत्तर लिहिलं :

2MnO₄⁻ + 3H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 4O₂ + 6H₂O

मी त्यावर चुकीची खूण केली तेव्हा ती वही घेऊन आली. “सर, अणू मोजून बघा, प्रभारही बघा. सगळं जुळतंय.” मोजून पाहिलं तर खरंच सगळं जुळत होतं. ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडे १४, हायड्रोजनचे १२, मँगनीजचे २. डावीकडचा एकूण प्रभार अधिक ४, उजवीकडचाही तोच. आणि तरीही उत्तर चूक होतं. तिला मी म्हटलं, आता बस, पायऱ्या लिहून काढू.

रेडॉक्स म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, त्याचं ऑक्सिडीकरण होतं. दुसरा घेतो, त्याचं क्षपण. देणाऱ्यानं जितके दिले तितकेच घेणाऱ्याला मिळायला हवेत, मध्ये एकही शिल्लक राहत नाही. अर्धअभिक्रिया पद्धतीत देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं खातं आधी वेगवेगळं मांडतात.

घेणारा परमँगनेट. MnO₄⁻ पासून Mn²⁺ होतो. मँगनीज दोन्हीकडे एकेक आहे, म्हणजे तो जुळलेलाच आहे. डावीकडे ऑक्सिजनचे चार अणू आहेत आणि उजवीकडे एकही नाही, म्हणून उजवीकडे पाण्याचे चार रेणू लिहायचे. पाण्याबरोबर हायड्रोजनचे आठ अणू आले, म्हणून डावीकडे आठ H⁺ लिहायचे. द्रावण आम्लधर्मी आहे, तेव्हा H⁺ तिथं आहेतच. आता प्रभार बघायचा. डावीकडे उणे १ आणि अधिक ८ मिळून अधिक ७, उजवीकडे अधिक २. डावीकडे पाच इलेक्ट्रॉन घातले की दोन्ही बाजू सारख्या होतात :

MnO₄⁻ + 8H⁺ + 5e⁻ → Mn²⁺ + 4H₂O

इथं एक पडताळा लगेच घेता येतो. परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक अधिक ७ असतो, नंतर तो अधिक २ होतो. घट पाचची, इलेक्ट्रॉनही पाच. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, की ही ओळ बरोबर आहे असं समजावं.

देणारा पेरॉक्साइड. त्याच्यापासून ऑक्सिजन वायू बनतो. ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडे दोन, डावीकडचा हायड्रोजन उजवीकडे H⁺ म्हणून जातो, आणि प्रभारासाठी उजवीकडे दोन इलेक्ट्रॉन लागतात :

H₂O₂ → O₂ + 2H⁺ + 2e⁻

घेणाऱ्याला पाच हवेत, देणारा दोन देतो. पाच आणि दोनचा लसावि दहा. म्हणून पहिली ओळ दोननं गुणायची, दुसरी पाचनं, आणि दोन्हींची बेरीज करायची. दहा इलेक्ट्रॉन दोन्हीकडून जातात. डावीकडे १६ H⁺ आहेत, उजवीकडे १०. ते वजा केले की डावीकडे सहा उरतात :

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

पेरॉक्साइडचे पाच रेणू, तीन नव्हेत. मग तीनचं उत्तरही जुळलं कसं? तिला मी बरोबर समीकरणातून तिचं समीकरण वजा करायला लावलं. उरलं ते हे :

2H₂O₂ → 2H₂O + O₂

ही पेरॉक्साइडच्या विघटनाची अभिक्रिया, आणि तीही पूर्ण संतुलित. संतुलित समीकरणात दुसरं संतुलित समीकरण कितीही वेळा मिळवा किंवा वजा करा, अणू आणि प्रभार जुळतच राहणार. म्हणजे पेरॉक्साइडचा एक रेणू घेतला काय, तीन घेतले काय, सात घेतले काय, आकडे जुळवून देता येतात. नुसती मोजणी यातलं खरं कोणतं ते सांगू शकत नाही.

इलेक्ट्रॉनचं खातं सांगू शकतं. तिच्या समीकरणात पेरॉक्साइडचे तीन रेणू सहाच इलेक्ट्रॉन देतात आणि परमँगनेटला दहा हवेत. उरलेले चार कुठून आले? ऑक्सिजन वायूचे चार रेणू म्हणजे आठ अणू, पण पेरॉक्साइडकडे सहाच होते. उरलेले दोन अणू परमँगनेटमधून किंवा पाण्यातून यावे लागतील, आणि त्या अणूंना उणे दोनवरून शून्यावर येताना प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन सोडावे लागतील. हेच ते चार. कागदावर हिशेब बसतो, पण परीक्षानळीत असं घडत नाही. ऑक्सिजनचं जड समस्थानिक वापरून केलेल्या प्रयोगांत बाहेर पडणारा वायू पेरॉक्साइडमधलाच असतो, असं दिसलेलं आहे.

तीन आणि पाचमधला हा फरक कागदापुरता राहत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के पेरॉक्साइडची बाटली तपासायची आहे असं धरा. १ मिली नमुना पिपेटनं घेतला, पाणी आणि विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं, ब्युरेटमधून ०.०२ मोलार पोटॅशियम परमँगनेट सोडलं. जांभळा थेंब पडतो, बुडबुडे येतात, रंग जातो. १७.६ मिलीला फिकट गुलाबी छटा टिकून राहिली, तिथं थांबायचं. म्हणजे परमँगनेट ०.३५२ मिलिमोल लागलं. दोनास पाच या प्रमाणानं पेरॉक्साइड ०.८८ मिलिमोल, वजनात सुमारे ३० मिलिग्रॅम. १ मिलीत ३० मिलिग्रॅम म्हणजे ३ टक्के. बाटली चांगली आहे. दोनास तीननं हिशेब केला असता तर १८ मिलिग्रॅम आले असते, आणि चांगली बाटली जुनी झाली म्हणून फेकली गेली असती. (आम्ल सल्फ्युरिकच घ्यावं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं आणि ब्युरेटमधलं वाचन फुगतं.)

याच प्रयोगात आम्ल कमी पडलं तर द्रावण तपकिरी गढूळ होतं. तो मँगनीज डायऑक्साइड. तिथं परमँगनेटनं पाच नव्हे, तीनच इलेक्ट्रॉन घेतलेले असतात. वर्कशीटमधला आम्लारिधर्मी माध्यमाचा प्रश्न बहुधा याच बदलाचा असतो. मुलं तिथंही उत्तरात H⁺ ठेवतात आणि गुण घालवतात. आधी आम्लधर्मी असल्यासारखंच संतुलित करावं. उजवीकडे पाण्याचे दोन रेणू आणि डावीकडे चार H⁺ येतात. मग जितके H⁺, तितके OH⁻ दोन्ही बाजूंना मिळवावेत. डावीकडे H⁺ आणि OH⁻ यांचं चार रेणू पाणी होतं, त्यातले दोन उजवीकडच्या पाण्याशी वजा होतात :

MnO₄⁻ + 2H₂O + 3e⁻ → MnO₂ + 4OH⁻

आम्लारिधर्मी द्रावणाच्या अंतिम उत्तरात H⁺ दिसला, तर ही पायरी राहिली आहे हे नक्की समजावं.

त्या मुलीनं पुढचे प्रश्न दोन-दोन ओळी मांडून सोडवले. ज्यांच्या घरी हे वर्कशीट अर्धवट पडलं असेल त्यांना एवढंच सांगणं : घाई असेल तर शेवटची बेरीज झटपट करा, पण e⁻ असलेल्या दोन ओळी गाळू नका. तपासणारा आधी त्याच बघतो.